नुसती वाक्यं करायची आहेत

पुण्यातल्या बाणेरपासून बंगळुरूच्या कोरमंगलापर्यंत, कुठल्याही स्टार्टअपमध्ये हे काम साधारण एकाच मुहूर्तावर निघतं. शुक्रवारी, संध्याकाळी. संस्थापक लॅपटॉप मिटता मिटता 'कंटेंट' बघणाऱ्या मुलीला हाक मारतात. "अगं, इन्व्हेस्टर डेक पाठवलाय बघ तुला. त्याचं एक मस्त लांब आर्टिकल करून टाक. हेडिंगं, पॅराग्राफ, सगळं. मजकूर आहेच त्यात, नुसती वाक्यं करायची आहेत. सोमवारी दिलंस तरी चालेल, घाई नाही."

मुलगी डेक उघडते. पहिल्या स्लाइडवर कंपनीचं नाव आणि एक उगवता सूर्य. दुसऱ्या स्लाइडवर 'समस्या', त्याखाली तीन ठिपके. तिसरीवर 'उपाय', त्याखाली तीन ठिपके. चौथीवर एकात एक बसलेली तीन वर्तुळं आणि त्यांत कोट्यवधींचे आकडे. पाचवीवर चार चौकोन, त्यातल्या वरच्या उजव्या कोपऱ्यात कंपनीचा लोगो. असं करत करत शेवटच्या स्लाइडवर 'धन्यवाद'. अख्ख्या डेकमध्ये पूर्ण म्हणावं असं वाक्य तेवढं एकच, तेही क्रियापद नसलेलं.

सोमवारी ती जे देते ते वाचून संस्थापक म्हणतात, "सगळं आलंय गं, पण मजा नाही येत." मजा का येत नाही, हे दोघांनाही सांगता येत नाही, आणि मग उपाय म्हणून लेखात दोन स्टॉक फोटो आणि 'क्रांतिकारी' हा शब्द चार ठिकाणी घातला जातो.

डेक एकटा बाहेर पडत नाही

पिच डेक म्हणजे लग्नाच्या स्थळाचा बायोडेटा. उंची, शिक्षण, पगार, 'स्वतःचा टू बीएचके', अपेक्षा: अनुरूप. त्यात खोटं काही नसतं, पण त्याच्यावर कुणी लग्नही ठरवत नाही. कागद पुढे सरकवताना मध्यस्थ काकू जे बोलतात त्यावर ठरतं. "टू बीएचके आहे, पण कर्ज फिटत आलंय हो." हा 'पण' बायोडेट्यात छापलेला नसतो. तो काकूंच्या तोंडात असतो, आणि काकू घरी गेल्या की कागदावर नुसता टू बीएचके उरतो.

डेकचं नेमकं हेच आहे. गाय कावासाकी या गुंतवणूकदाराने फार वर्षांपूर्वी एक नियम सांगितला आणि तो स्टार्टअपवाल्यांना पाढ्यांसारखा पाठ आहे: स्लाइड १०, वेळ २० मिनिटं, अक्षरं ३० पॉइंटपेक्षा लहान नकोत. यातला तिसरा नियम सगळ्यांत धूर्त आहे. अक्षरं एवढी मोठी ठेवली की स्लाइडवर मजकूर मावतच नाही, मग माणसाला बोलावंच लागतं. आता हिशेब करावा. २० मिनिटं बोलणारा माणूस मिनिटाला सव्वाशे शब्द धरले तरी अडीच हजार शब्द बोलतो. दहा स्लाइडांवर मिळून शब्द असतात दोनतीनशे. म्हणजे जो मजकूर 'आहेच त्यात' असं संस्थापक सांगतात, त्याचा नव्वद टक्के भाग त्यात नाहीच. तो त्यांच्या बोलण्यात आहे, आणि ते बोलणं गुंतवणूकदाराच्या वातानुकूलित खोलीत हवेत विरून गेलंय.

म्हणून या धंद्यातली जाणती माणसं डेक हातात आल्यावर लिहायला बसतच नाहीत. ती संस्थापकांना गाठतात, समोर फोन रेकॉर्डिंगला लावतात आणि म्हणतात, "सर, मी गुंतवणूकदार आहे असं समजा. सुरू करा." संस्थापकांना यासारखी आवडती गोष्ट दुसरी नसते. ते उभं राहून बोलतात. आणि लेखाला लागणारं सगळं दोन स्लाइडांच्या मधे सापडतं, जिथे ते बटण दाबता दाबता सहज म्हणून जातात, "आता तुम्ही म्हणाल, लोक याला पैसे का देतील? तर झालं असं..."

हे 'झालं असं' म्हणजे लेख. ठिपके ही त्याची अनुक्रमणिका.

तीन ठिपके, तीन वेगळी माणसं

प्रत्यक्ष उदाहरण घ्यायचं तर अडचण अशी की कंपन्यांचे डेक गुप्त असतात. सुदैवाने एक डेक जगजाहीर आहे. एअरबीएनबी या कंपनीचा, २००८ च्या सुमाराचा, जेव्हा तिचं नाव 'एअरबेड अँड ब्रेकफास्ट' असं होतं आणि तिला कुणी दारात उभं करत नव्हतं. तो आज इंटरनेटवर कुणालाही बघता येतो, आणि होतकरू संस्थापक त्याची पारायणं करतात. त्याचा सगळा मजकूर एका कागदावर सहज उतरवून घेता येतो, इतका तो सुटसुटीत आहे.

त्याची 'समस्या' ही स्लाइड अशी. पहिला ठिपका: ऑनलाइन बुकिंग करणाऱ्या प्रवाशाला किमतीची चिंता असते. दुसरा: हॉटेलात राहिलं की शहराशी आणि तिथल्या संस्कृतीशी संबंध तुटतो. तिसरा: स्थानिक माणसाकडे खोली बुक करण्याची किंवा स्वतः यजमान होण्याची सोपी सोय नाही.

आता 'नुसती वाक्यं' करणारा माणूस काय करतो? तो ठिपके पुसतो आणि त्या जागी 'तसेच', 'याशिवाय' आणि 'त्याचप्रमाणे' भरतो:

"आजच्या धकाधकीच्या युगात प्रवाशांना किमतीची चिंता भेडसावत असते. तसेच हॉटेलांमुळे ते स्थानिक संस्कृतीपासून दुरावतात. याशिवाय स्थानिकांकडे खोली बुक करण्याची सोपी सुविधाही उपलब्ध नाही."

व्याकरणात चूक काढायला जागा नाही. शिंप्याने तीन वेगळ्या कापडांचे तुकडे सरळ रेषेत शिवून दिले, एवढंच. हे वाचताना वाचकाला डुलकी का लागते, ते ठिपके एकेक करून पाहिलं की कळतं. पहिला ठिपका प्रवाशाच्या खिशाचा आहे. दुसरा त्याच प्रवाशाच्या मनाचा आहे. तिसऱ्यात मात्र 'स्वतः यजमान होण्याची' या शब्दांतून एक भलताच माणूस हळूच आत शिरलाय, ज्याच्याकडे खोली रिकामी आहे आणि ज्याला पैसे हवेत. त्याची काय अडचण, हे पहिल्या दोन ठिपक्यांत कुठेही नाही. शिवाय तिसरा ठिपका मुळात समस्याच नाही. 'आमच्यासारखी कंपनी अजून निघालेली नाही' एवढंच तो सांगतो. स्लाइडवर हे खपतं, कारण तिन्ही ठिपके एकाच आकाराचे, एकाच रंगाचे आणि एकाखाली एक शिस्तीत उभे असतात. परिच्छेदात आले की लगेच एकमेकांकडे अनोळखी नजरेने बघायला लागतात.

त्यांची ओळख करून देणारी गोष्ट त्या डेकच्या स्लाइडांवर नाही; ती संस्थापक तोंडी सांगत असत. ऑक्टोबर २००७. सॅन फ्रान्सिस्कोत ब्रायन चेस्की आणि जो गेबिया हे दोन बेकार डिझायनर एका भाड्याच्या घरात राहत होते आणि भाडं त्यांच्या आवाक्याबाहेर गेलं होतं. त्याच आठवड्यात शहरात औद्योगिक डिझायनरांचं मोठं संमेलन भरलं आणि हॉटेलं भरून गेली. दोघांनी घरात हवेच्या गाद्या टाकल्या, एक साधी वेबसाइट उभी केली आणि रात्रीला ८० डॉलर, नाश्त्यासकट, अशी जाहिरात दिली. तिघंजण आले. त्यातला एक अमेरिकेत शिकणारा भारतीय विद्यार्थी होता. पुढे नेथन ब्लेचार्झिक हा अभियंता त्यांना मिळाला आणि कंपनी उभी राहिली.

ही गोष्ट हातात आली की तेच तीन ठिपके असे लिहिता येतात:

"२००७ च्या ऑक्टोबरात संमेलनासाठी सॅन फ्रान्सिस्कोला जायचं ठरवलेल्या डिझायनरला हॉटेल मिळत नव्हतं, आणि मिळालं असतं तर परवडलं नसतं. त्याच शहरात दोन डिझायनरांकडे दिवाणखाना रिकामा होता आणि भाड्याला पैसे कमी पडत होते. दोघांची गरज एकमेकांना नेमकी बसत होती. पण त्यांची गाठ घालून देणारी, पैशाचा व्यवहार सांभाळणारी जागा कुठेच नव्हती. ती गाठ पडली तेव्हा पाहुण्यांना नुसती स्वस्त गादी मिळाली नाही, शहर दाखवणारी माणसंही मिळाली."

तिन्ही ठिपके आले, एकही शब्द फुगवलेला नाही. फक्त क्रम बदलला. खिसा आधी, मग यजमान, मग नसलेली सोय, आणि संस्कृती सगळ्यांत शेवटी, कारण संस्कृतीसाठी कुणी परक्याच्या घरी हवेच्या गादीवर झोपायला जात नाही. आधी पैसे वाचतात म्हणून जातात, मग संस्कृती आवडते. स्लाइडवर हा क्रम कुणी विचारत नाही. परिच्छेदात मात्र एका वाक्यातून दुसरं वाक्य निघावं लागतं, आणि ते का निघतं ते लिहिणाऱ्याला ठाऊक असावं लागतं.

'म्हणून' कुठे बसतो?

डेकमधली पुढची गंमत 'बाजारात मागणी आहे याचा पुरावा' या स्लाइडवर आहे. तिथे दोन नावं शेजारी शेजारी आहेत. एक काउचसर्फिंग, म्हणजे प्रवाशांना अनोळखी माणसांकडे मुक्काम मिळवून देणारी वेबसाइट; सदस्य सहा लाखांहून जास्त. दुसरी क्रेगलिस्ट, म्हणजे छोट्या जाहिरातींचा अमेरिकी बाजार. तिथे तात्पुरत्या निवासाच्या आठवड्याला हजारो जाहिराती. दोन नावं, दोन आकडे, खाली मोकळी पांढरी जागा. बघणारा मान डोलावतो आणि पुढची स्लाइड येते.

लेख लिहिणारा इथे अडखळतो, आणि अडखळलाच पाहिजे. "काउचसर्फिंगचे सहा लाख सदस्य आहेत, म्हणून लोक अनोळखी घरात राहायला पैसे देतील," असं वाक्य लिहून बघावं. 'म्हणून' तिथे बसत नाही. कारण काउचसर्फिंगवरचा मुक्काम फुकट होता! फुकट झोपायला सहा लाख माणसं तयार आहेत यावरून पैसे देऊन किती तयार होतील, हे कसं सांगणार? लग्नाच्या पंगतीची गर्दी मोजून कुणी खानावळ काढत नाही. बरं, क्रेगलिस्टवर लोक पैसे देत होते. पण तिथे समोरचा कोण, कसा, याची काही खात्री नव्हती, आणि पैसे कसे द्यायचे ते ज्याचं त्याने बघायचं.

दोन्ही पुरावे असे एकेकटे लंगडे आहेत. पण एकत्र घेतले की मुद्दा उभा राहतो, आणि तो स्लाइडवरच्यापेक्षा चांगला उभा राहतो. काउचसर्फिंगवरून कळतं की माणसं परक्याला घरात घ्यायला घाबरत नाहीत, जर त्याची थोडी ओळखपाळख दिसत असेल. क्रेगलिस्टवरून कळतं की थोड्या दिवसांच्या राहण्यासाठी माणसं पैसे मोजतात, ओळखपाळख नसतानाही. एकीकडे विश्वास आहे, पैसा नाही. दुसरीकडे पैसा आहे, विश्वास नाही. ओळखीची प्रोफाइलं आणि पैशाचा व्यवहार एकाच ठिकाणी आणायचा, ही या कंपनीची सगळी कल्पना. डेकमध्ये ती चार स्लाइडांवर विखुरलेली आहे, परिच्छेदात तिला दोन वाक्यं पुरतात.

जेफ बेझोसने २००४ मध्ये अॅमेझॉनच्या वरिष्ठांच्या बैठकीतून पॉवरपॉइंट हद्दपार केलं आणि त्याऐवजी काही पानांचा सलग मजकूर लिहून आणायला सांगितलं, ते याच कारणासाठी. ठिपके कल्पनांवरून हात फिरवून पुढे जातात. कुठली गोष्ट जास्त महत्त्वाची आणि कशाचा कशाशी संबंध, हे लपवायला त्यांची मदत होते, असं त्याचं म्हणणं होतं. बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी मुकाट बसून ती पानं वाचायची, मग बोलायचं. भल्या मोठ्या पगाराची माणसं परीक्षेच्या हॉलसारखी खाली माना घालून बसली आहेत, हे दृश्य कल्पनेतही सुखद आहे. पण त्यातला मुद्दा खरा आहे. स्लाइडवरच्या दोन ओळींत दोन बोटांची मोकळी जागा असते. तिथे बघणारा आपल्या मनाचा 'म्हणून' घालून घेतो. लेखात तो लिहिणाऱ्याला घालावा लागतो आणि खाली सही त्याची असते.

वर्तुळांचं काय करायचं

आता ती एकात एक तीन वर्तुळं. प्रत्येक डेकमध्ये ती असतात. सगळ्यांत मोठं वर्तुळ म्हणजे अख्खा बाजार, मधलं म्हणजे आपल्याला पोचता येईल तेवढा, आणि आतलं ठिपक्याएवढं म्हणजे आपण खरोखर मिळवू तेवढा. या रचनेत विनयाचा मोठा आविर्भाव आहे. आम्ही कुठे सगळा बाजार मागतोय? आम्हाला आपला हा एवढासा.

एअरबीएनबीच्या डेकच्या एका प्रतीत हे आकडे असे आहेत: जगभरात बुक होणारे प्रवास १९० कोटींवर, त्यातले कमी बजेटचे आणि ऑनलाइन ५३ कोटी २० लाख, आणि आपल्या वाट्याला १ कोटी ६ लाख. दरवेळी सरासरी २० डॉलर कमिशन, म्हणजे २०११ पर्यंत २० कोटी डॉलर उत्पन्न.

'नुसती वाक्यं' करणारा इथे घसरतोच. तो लिहितो, "१९० कोटींच्या अवाढव्य बाजारपेठेतील १ कोटी ६ लाख प्रवास कंपनी काबीज करणार आहे." झालं. वाचकाच्या डोळ्यांसमोरून तीन आकडे आगगाडीच्या डब्यांसारखे निघून गेले.

त्यापेक्षा एकच आकडा हातात धरावा आणि तो कसा झाला ते सांगावं. २० डॉलर कुठून आले? स्लाइडवर बारीक अक्षरांत लिहिलेलं आहे: रात्रीला ७० डॉलर, तीन रात्री. म्हणजे २१० डॉलर, त्यावर १० टक्के कमिशन २१. इथवर ठीक. वाचकाला हे समजतं, कारण त्यात एक माणूस आहे, तो तीन रात्री राहतोय आणि पैसे देतोय. आता १ कोटी ६ लाख कुठून आले? ५३ कोटी २० लाखांचे दोन टक्के. आणि दोनच टक्के का? याचं उत्तर स्लाइडवर नाही. गंमत अशी की इंटरनेटवर फिरणाऱ्या दुसऱ्या एका प्रतीत याच आतल्या वर्तुळात ८ कोटी ४० लाख आहेत, म्हणजे ५६ कोटींचे १५ टक्के, आणि सरासरी कमिशन २५ डॉलर धरून उत्पन्न होतं २१० कोटी डॉलर. एका प्रतीतून दुसऱ्या प्रतीत जाताना कंपनी दहापट मोठी किंवा लहान झाली. वर्तुळाचा आकार मात्र कागदावर होता तेवढाच राहिला.

याच डेकमध्ये शेवटाकडे 'आम्हाला काय हवं' अशीही स्लाइड आहे. ५ लाख डॉलर द्या, बारा महिन्यांत ८० हजार प्रवास करून दाखवतो. ८० हजार! वर्तुळातल्या १ कोटी ६ लाखांशी तुलना केली तर जवळपास १३० पटींचा फरक. खोलीत बसलेल्या गुंतवणूकदाराच्या हे लक्षात येत नाही, कारण दोन आकड्यांच्या मधे प्रशस्तिपत्रं, स्पर्धक, टीमचे फोटो असं बरंच काही येऊन जातं. लेखात मात्र उत्पन्नाचा परिच्छेद आणि गरजेचा परिच्छेद एकमेकांना चिकटून येतात आणि वाचक लगेच विचारतो, की एवढी उडी मारणार कशी?

आपल्या डेकमध्येही असेच आकडे असले की इथे संस्थापकांशी पहिलं भांडण होतं. "अगं, ते १० मिलियन कुठे गेलं?" मुलगी म्हणते, "सर, मी ८० हजार ठेवलेत." "पण तो आकडा लहान दिसतो!" "लहान आहे, सर, पण तो कसा होणार ते तुम्ही मला रेकॉर्डिंगमध्ये सांगितलंय." आणि सांगितलेलं असतंच. एअरबीएनबीच्या डेकमध्येही ते होतं, 'प्रसार कसा करणार' या स्लाइडवर: म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट, हॅनोव्हरचं सेबिट प्रदर्शन, मिलवॉकीचा समरफेस्ट यांसारखे मोठे मेळे, जिथे लाखो माणसं येत आणि हॉटेलं पुरत नसत. ही कल्पना ५३ कोटींच्या वर्तुळातून आली नाही, तर तीन गाद्यांच्या त्या संमेलनातून आली. ज्या आकड्याच्या मागे अशी पायवाट दिसते, तो लहान असला तरी लेखात उभा राहतो. वर्तुळातला आकडा आडवा होतो.

वरचा उजवा कोपरा

स्पर्धकांच्या स्लाइडबद्दल थोडक्यात. एक आडवी रेघ, एक उभी रेघ. एअरबीएनबीच्या डेकमध्ये एका रेघेवर स्वस्त ते महाग आणि दुसरीवर ऑफलाइन व्यवहार ते ऑनलाइन व्यवहार. स्पर्धक इकडेतिकडे विखुरलेले आणि स्वतःची कंपनी वरच्या उजव्या कोपऱ्यात. हे काही या कंपनीचं वैशिष्ट्य नाही. जगातल्या प्रत्येक डेकमध्ये प्रत्येक कंपनी वरच्या उजव्या कोपऱ्यातच असते. या कोपऱ्यात एवढी दाटी झाली आहे, तरी प्रत्येकीला तिथे आपण एकटेच दिसतो.

या चित्राचा परिच्छेद करताना 'आमचे स्पर्धक महाग किंवा जुनाट आहेत' एवढंच लिहिलं तर ती निवडणुकीची सभा होते. चित्रातली प्रत्येक जागा म्हणजे एका माणसाने केलेली एक निवड आहे, हे लक्षात ठेवलं की काम सोपं होतं. हॉटेल्स डॉट कॉमवर जाणाऱ्याला खात्री मिळते, पण रक्कम मोठी. क्रेगलिस्टवर जाणाऱ्याला रक्कम कमी, पण पैसे हातात द्यायचे आणि दार वाजवायचं. स्पर्धकाकडे माणसं कशासाठी जातात, हे प्रामाणिकपणे एका वाक्यात लिहिलं की आपल्याकडे का येतील, ते वाचकाला न सांगता कळतं. याच स्लाइडच्या शेजारी 'आमची बलस्थानं' असते: बाजारात पहिले, वापरायला सोपं, डिझाइन उत्तम. यातल्या 'वापरायला सोपं' या ओळीचं कुठल्याही लेखात काही होत नाही. 'वापरायला अवघड' असं आजवर कुणी स्वतःबद्दल लिहिलेलं नाही. त्यापेक्षा शहर शोधा, खोल्या बघा, बुक करा, हे तीन टप्पे सांगून मोकळं व्हावं. सोपं आहे की नाही, वाचक ठरवेल.

मथळा म्हणजे दारावरची पाटी नव्हे

राहिले मथळे. संस्थापकांनी सांगितलेलंच असतं, 'हेडिंगं हवीत', आणि स्लाइडांची शीर्षकं तयार असतात. समस्या. उपाय. बाजारपेठ. उत्पन्नाचं मॉडेल. टीम. ती उचलून ठळक अक्षरांत टाकली की लेख झाल्यासारखा दिसतो. दिसतो सरकारी कचेरीसारखा: आवक, जावक, लेखा, आस्थापना. आत काय चाललंय ते दारावरून कळत नाही.

डेकमध्ये ही शीर्षकं बरोबर असतात, कारण गुंतवणूकदार दिवसाला कितीतरी डेक बघतो आणि त्याला 'टीम' कुठे ते पटकन सापडायला हवं असतं. लेखाचा वाचक टीम शोधायला आलेला नसतो. त्याला पुढे वाचायचं कारण हवं असतं. त्यामुळे मथळ्याने काहीतरी म्हणावं लागतं. एअरबीएनबीच्या डेकचा लेख केला तर मथळे असे होतील: 'हॉटेलं भरली आणि भाडं थकलं'. 'फुकट झोपणारे सहा लाख, आणि पैसे देणारे दुसरीकडे'. 'तीन रात्रींमागे एकवीस डॉलर'. 'आधी मेळे, मग शहरं'. कसोटी सोपी आहे: मजकूर झाकून नुसते मथळे वरून खाली वाचावेत. गोष्ट कळली तर ठीक. स्लाइडांची यादी कळली, तर अजून डेकच हातात आहे, फक्त उभा केलेला.

यात स्लाइडांचा क्रमही मोडतो, आणि तो मोडायला हवा. दोन स्लाइडांचा एक परिच्छेद होतो, एका स्लाइडचे तीन होतात. 'टीम' स्वतंत्र न येता जिथे जो माणूस काही करतो तिथे येते. वृत्तपत्रांनी केलेलं कौतुक बहुतेक गळतं. आणि 'आम्हाला काय हवं' यातली पैशाची मागणी लेखातून पूर्ण जाते, कारण वाचकाकडे पाच लाख डॉलर मागण्यात अर्थ नसतो. मागणी गेली की लेखात एक रिकामी जागा पडते. डेकचं सगळं तोंड तिच्याकडेच होतं ना! तिथे काय ठेवायचं, हा खरा प्रश्न. बहुतेक ठिकाणी तिथे 'भविष्य उज्ज्वल आहे' हे वाक्य ठेवलं जातं. त्यापेक्षा कंपनीला अजून काय जमत नाही, ते ठेवलेलं बरं. परक्याने घरात नासधूस केली तर काय? नगरपालिकेने घरगुती खोल्यांना मनाई केली तर काय? हे विचारलं की संस्थापक दचकतात. "ते कशाला लिहायचं? डेकमध्ये नाहीये ते."

डेकमध्ये नसतंच. एअरबीएनबीच्याही नव्हतं. त्या काळात चेस्कीने सात गुंतवणूकदारांना गाठून दीड लाख डॉलरला कंपनीचा दहा टक्के हिस्सा देऊ केला होता. पाच जणांनी नकार कळवला, दोघांनी उत्तरच दिलं नाही. हे त्याने २०१५ मध्ये स्वतःच लोकांसमोर मांडलं. २००८ च्या अमेरिकी निवडणुकीत उमेदवारांच्या नावाने नाश्त्याच्या सीरियलचे खोके ४० डॉलरला विकून त्यांनी खर्च भागवला. मग वाय कॉम्बिनेटर, मग सिकोया, आणि डिसेंबर २०२० मध्ये शेअर बाजार.

शेअर बाजारात उतरायचं म्हणजे अमेरिकेत सरकारी नियामकाकडे माहितीपत्रक द्यावं लागतं, आपल्याकडे सेबीकडे डीआरएचपी देतात तसं. म्हणजे डेकचा लेख करणं, पण या वेळी कायद्याने. एअरबीएनबीच्या त्या माहितीपत्रकात वर्तुळांतली मंडळी होतीच: अख्खा बाजार ३.४ लाख कोटी डॉलर, पोचता येईल तेवढा १.५ लाख कोटी. तिसरं, आतलं वर्तुळ, 'आपण मिळवू तेवढा' हे मात्र गायब. त्याऐवजी पानंच्या पानं एकच प्रकरण: धोके. कोरोनाची साथ, शहरांचे कायदे, यजमान निघून गेले तर, पाहुण्याने गैरवर्तन केलं तर. २००८ च्या डेकने ज्या प्रश्नांवरून स्लाइड सरकवली, ते सगळे तिथे रांगेत उभे होते.

आणि अमेरिकी नियम असा की प्रत्येक धोक्याला स्वतंत्र उपमथळा द्यायचा आणि त्या मथळ्यावरूनच धोका कुठला ते पुरेसं कळलं पाहिजे. नुसतं 'स्पर्धा' लिहून भागत नाही. त्यामुळे वकील मंडळी मथळा म्हणून कर्ता, कर्म आणि क्रियापद असलेलं अख्खं वाक्य लिहितात, कधी कधी तीन ओळींचं. ही माणसं तासाला जे शुल्क घेतात त्यात बाणेरच्या त्या मुलीचा महिन्याचा पगार निघावा. काम तेच: नुसती वाक्यं करायची.